संपलेल्या प्रेमाची हकीकत: एका आक्षेपाचा प्रतिवाद

नांदेडच्या एका साहित्यविषयक बैठकीत, ज्यांच्या व्यासंगाविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे अशा एका ज्येष्ठ समीक्षकांनी मध्यंतरी असे प्रतिपादन केले की, तुटलेल्या पहिल्या प्रेमाविषयी दोनच रीतींनी लिहिता येते. गेलेले ते सर्व रम्य होते असे मानून त्याचे गोडवे गावेत, किंवा आपली वंचना झाली असे मानून वंचना करणाऱ्यावर फिर्याद मांडावी. या दोहोंपलीकडे तिसरी रीत आहे असे जो म्हणतो त्याला मुळात प्रेमाची झळ लागलेलीच नसते, आणि लागली असेल तर त्याची लेखणी तरी थंड पडलेली असते. बैठकीने हे मत माना डोलावून मंजूर केले. ते तेवढ्यावर राहिले असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु पुढे थोड्याच अवधीत लातूरच्या एका बाईंचा याच विषयावरील लेख एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘भावना कमी पडते’ अशा शेऱ्यानिशी परत पाठविल्याचे मला कळले, आणि बैठकीतले मत आता छापखान्याच्या दारात उभे राहून निवाडे देऊ लागले आहे हे ध्यानी आले. नांदेड हे नरहर कुरुंदकरांचे गाव आहे. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याला ते तोंडावर आणि कारणांसह सांगण्याची रीत या गावाला अनोळखी नाही. त्याच रीतीने हे उत्तर.

समीक्षकांच्या म्हणण्यात जो अंश खरा आहे तो आधी मान्य करतो. ‘आता माझ्या मनात काहीच उरलेले नाही’ असे जाहीर करून लिहिलेल्या लेखांचा मोठा भाग खोटा असतो, यात शंका नाही. काहीच उरले नसेल तर लिहिण्याचे प्रयोजन कोणते, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. परंतु यावरून त्यांनी जे अनुमान काढले ते चुकीच्या गृहीतावर उभे आहे. गोडवा हे एक टोक, कडवटपणा हे दुसरे, आणि तिसरी म्हणून जी रीत सांगतात ती या दोहोंच्या मधोमध उभी असलेली, दोन्हींतले थोडेथोडे घेऊन झालेली कोमट रीत, असा नकाशा त्यांनी मनाशी आखला आहे. माझा आक्षेप या नकाशालाच आहे. गोड लेख आणि कडू लेख एकाच ठिकाणी उभे असतात, कारण दोहोंतून ज्या माणसावर प्रेम केले ते माणूस नाहीसे झालेले असते. गोड लेखात ते लेखकाच्या तारुण्याची शोभा होऊन राहते आणि कडू लेखात लेखकाच्या नुकसानीचे कारण. दोन्हीकडे बोलतो तो लेखक, आणि विषय असतो तोही लेखकच.

हे पडताळून पाहण्याची रीत अगदी साधी आहे. लेखातले कोणतेही वाक्य घ्यावे आणि त्यातून त्या विशिष्ट माणसाला काढून टाकावे. ‘श्रावणातल्या त्या सायंकाळी गोदावरीचे पात्र सोन्याने भरून जात असे आणि आम्ही घाटावर अबोल बसत असू’ या वाक्यातून त्याला वगळले तर नदी तशीच वाहते, सायंकाळ तशीच सोनेरी राहते, वाक्याला काहीही बाध येत नाही. ‘ज्याला कणा नव्हता त्याच्यावर मी विश्वास टाकला’ या वाक्यात त्याच्या जागी दुसऱ्या कोणालाही बसविले तरी वाक्य तितक्याच ठसक्याने उभे राहते. ज्या वाक्यातून माणूस काढला तरी वाक्य पडत नाही, त्या वाक्यात तो माणूस नव्हताच. तिसरी रीत म्हणजे तो माणूस काढताच कोसळतील अशी वाक्ये लिहिणे. तिचा संबंध भावनेच्या उष्णतामानाशी नसून हकीकतीच्या अचूकपणाशी आहे.

वर दिलेली दोन्ही वाक्ये मी रचलेली नाहीत. ती लातूरच्या त्याच बाईंच्या पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यांतली आहेत, आणि त्यांच्या अनुमतीने, नावगाव व ओळख पटेल असे तपशील बदलून, त्या लेखाची जडणघडण मी येथे सविस्तर सांगणार आहे. कारण हा वाद अमूर्त विधानांनी सुटणारा नाही.

बाई लातूरच्या. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा १९८२ साली मिळाला. शिक्षणासाठी त्या नांदेडला मावशीकडे राहिल्या. तो मुलगाही लातूरचाच, मोंढ्यात आडतीचे दुकान असलेल्या घरातला, शिक्षण अर्धवट सोडून वडिलांच्या गादीवर बसलेला. पत्रे चालत, आणि महिन्यापंधरा दिवसांनी काही कामाचे निमित्त काढून तो लोहा-अहमदपूरच्या वाटेने एस.टी.ने नांदेडला येई. हे तीन वर्षे चालले आणि १९७४ सालच्या मार्च महिन्यात संपले.

पहिल्या खर्ड्यात या तीन वर्षांना अकरा पाने होती आणि संपण्याला चार ओळी. त्या अकरा पानांतले जवळजवळ प्रत्येक क्रियापद रीतिभूतकाळात होते: तो येत असे, आम्ही बोलत असू, पाऊस पडत असे, मी वाट पाहत असे. मराठीतला हा काळ मोठा मायावी आहे. जे एकदा घडले ते नेहमीच घडत होते असा आभास तो निर्माण करतो, भांडणाचा दिवस आणि कंटाळ्याचा दिवस गिळून टाकतो, आणि कोणत्याही एका दिवशी नेमके काय झाले हे सांगण्याच्या जबाबदारीतून लेखकाला मुक्त करतो. मी त्यांना एवढेच सुचविले की, एका पानातली सर्व क्रियापदे साध्या भूतकाळात आणून पाहावीत: तो आला, आम्ही बोललो, पाऊस पडला. तसे करताच प्रत्येक वाक्याने प्रश्न विचारला, कधी? कोणत्या दिवशी? काय बोललात? ज्या वाक्यांना उत्तर देता आले ती राहिली, ज्यांना देता आले नाही ती गळाली, आणि अकरा पानांची साडेतीन पाने झाली. रीतिभूतकाळ वर्ज्य करावा असे माझे म्हणणे नाही. पत्रे चालत असत हे तसेच सांगावे लागते. परंतु ज्या लेखात तो काळ पानेच्या पाने सुटत नाही, तेथे आठवण थांबून आळवणी सुरू झाली आहे असे खुशाल समजावे.

दुसरा खर्डा त्यांनी एका मैत्रिणीच्या सल्ल्याने लिहिला. मैत्रिणीने सांगितले होते, गोड काय लिहितेस, खरे लिही. आणि खरे म्हणजे कठोर अशी तिची समजूत होती. या खर्ड्यात क्रियापदे साध्या भूतकाळात होती, दिवस-तारखा होत्या, आणि तरीही माणूस नव्हता. त्याच्या जागी त्याचे हेतू होते. त्याने बापाच्या तिजोरीपुढे मान तुकविली; त्याला सोयीचे तेवढेच प्रेम हवे होते; पत्रे परत आणून दिली ती पुरावा नष्ट करण्यासाठी. कडवटपणा विशेषणांत असतो असा सार्वत्रिक समज आहे, आणि म्हणून संपादक मंडळी शिव्याशाप कापून लेख सौम्य झाला असे मानतात. माझ्या मते तो ‘म्हणून’ आणि ‘कारण’ या जोडांमध्ये दडलेला असतो. दुसऱ्याने काय केले हे आपण पाहिलेले असते. का केले हे आपण पाहिलेले नसते. आणि न पाहिलेले कारण पाहिल्यासारखे लिहिले की फिर्यादी स्वतःच न्यायाधीश होतो. बाईंना मी एकच विनंती केली, की त्याच्या मनातले म्हणून जे जे लिहिले आहे ते सर्व काढावे, आणि त्याच्या तोंडून आलेले व हातून घडलेले तेवढेच ठेवावे.

तिसरा खर्डा असा झाला. मार्चमधल्या त्या दिवशी तो सकाळच्या गाडीने नांदेडला आला. बाईंनी त्याला लिहिलेली पत्रे त्याने एका खाकी लिफाफ्यात घालून आणली होती. तो म्हणाला, “घरी ठरलंय.” त्यांनी विचारले, “कधी?” तो म्हणाला, “वैशाखात.” मग त्याने विचारले, “तू घरी सांगितलं होतंस का?” आणि त्या म्हणाल्या, “नाही.” हा शेवटचा प्रश्न आणि त्याचे उत्तर पहिल्या दोन्ही खर्ड्यांत नव्हते. पहिल्यात नव्हते, कारण त्याने चित्राला गालबोट लागले असते. दुसऱ्यात नव्हते, कारण त्याने फिर्याद दुबळी झाली असती. नंतर त्यांनी परतीची गाडी किती वाजता आहे असे विचारले. तो म्हणाला, पाचची. दोघे स्टँडपर्यंत चालत गेले, बाहेरच्या रसवंतीत बसले, आणि तो रसवाल्याला म्हणाला, “एक बिनबर्फाचा.” बाईंना बर्फाने घसा धरण्याची खोड होती. पैसे त्याने दिले. पाचची गाडी गेली.

‘एक बिनबर्फाचा’ या दोन शब्दांवर मी या लेखाची सारी बाजू उभी करावयास तयार आहे. समीक्षकांनी सांगितलेल्या दोन्ही रीतींत या शब्दांना जागा नाही. गोड लेखाला हा दिवसच नको असतो, कारण या दिवशी ते संपले. आणि कडू लेखाला हे शब्द नको असतात, कारण ज्याने संपविले त्याच्या ध्यानात तिचा घसा होता हे मान्य करावे लागते. तुटीच्या दिवशीही सवयीची काळजी तोंडून निघून जाते, आणि ती काळजी खरी असूनही तुटणे थांबत नाही, ही गोष्ट ज्याने भोगली आहे त्याला ते शब्द वाचताना भावना कमी पडली असे वाटणे मला अशक्य दिसते. येथे बाईंनी एकही विशेषण वापरलेले नाही. त्यांना त्या क्षणी काय वाटले तेही लिहिलेले नाही, आणि मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की काय वाटले ते आठवत नाही, शब्द आठवतात. जे आठवत नाही ते न लिहिणे याला थंडपणा म्हणावे काय?

यानंतरची अडचण अधिक नाजूक होती. १९८६ साली वेळ अमावास्येला बाई एका नातलगांच्या शेतात गेल्या होत्या. लातूरकडे या दिवशी घरे ओस पडतात, सारे शिवार माणसांनी भरते, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबील होते, आणि वर्षानुवर्षे न भेटलेली माणसे एका पंगतीला येतात. त्या पंगतीत, बाईंचा काही पूर्वसंबंध असेल याची कल्पना नसलेल्या एका वृद्धेने सहज सांगितले की, अमक्या आडत्याच्या घरचे ते लग्न साटेलोट्याचे होते. मुलाला ज्या घरची मुलगी केली त्याच घरात त्याची बहीण दिली. म्हणजे त्याने नकार दिला असता तर बहिणीचेही मोडले असते. त्याने हे त्या दिवशी नांदेडला सांगितले नव्हते.

ही माहिती लेखात कोठे ठेवावी? आरंभी ठेवली तर वाचक पहिल्या पानापासून त्याला माफ करून बसतो आणि रसवंतीतली बाई त्याला उगीच त्रागा करणारी वाटते. शेवटी राखून ठेवून एकदम उघड केली तर तो कथालेखकाचा डाव होतो आणि बहिणीचे लग्न रहस्यापुरते वापरले जाते. बाईंनी ती जेथे कळली तेथे, त्या सालासह, त्या पंगतीत ठेवली, आणि पुढे एकच वाक्य लिहिले: साटेलोटे नसते तर तो नाही म्हणाला असता की नाही हे मला माहीत नाही. तेव्हा काय ठाऊक होते, नंतर काय कळले, आणि अद्याप काय ठाऊक नाही, हे तीन थर एकमेकांत मिसळू न देणे हीच या प्रकारच्या लेखनाची खरी मेहनत आहे. गोडवा आणि कडवटपणा दोन्ही हे थर कालवतात. नंतरचे ज्ञान आधीच्या दिवसावर ओतून तो दिवस एक तर पवित्र करतात किंवा नासवतात.

समीक्षकांनी बैठकीत आणखी एक मुद्दा जाता जाता टाकला होता, की हा अलिप्तपणा पाश्चात्त्य आहे, आपल्या मातीत तो रुजत नाही. पश्चिमेचा दाखला द्यावयाचा तर तुर्गेनेव्ह यांच्या १८६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पहिले प्रेम’ या कथेहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. जेवणानंतर रेंगाळलेल्या मंडळीत प्रत्येकाने आपल्या पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगावी असे ठरते, आणि नायक सांगण्याचे नाकारतो. तोंडी सांगितले तर एक तर फार कोरडे होईल किंवा फार पाल्हाळिक आणि कृत्रिम होईल, म्हणून मी लिहून आणतो, असे तो म्हणतो आणि दोन आठवड्यांनी लिहून आणून वाचतो. सोळा वर्षांच्या या मुलाने जिच्यावर जीव टाकला ती झिनाइदा त्याच्याच वडिलांवर प्रेम करीत होती. कडू होण्यास याहून सबळ कारण कोणते हवे? आणि तरीही तो वडिलांवर फैसला देत नाही. वडील तिच्या उघड्या हातावर चाबूक ओढतात आणि ती तो वळ ओठांना लावते, हे त्याने दुरून पाहिले. पाहिले तेवढेच तो सांगतो, अर्थ लावीत नाही. पुढे ती शहरात आली आहे असे कळूनही भेटीस जाण्यात तो आठवडे घालवितो, आणि जातो तेव्हा ती बाळंतपणात गेलेली असते. ही आपली दिरंगाईही तो तशीच नोंदवितो. या कथेला थंड म्हणणारा वाचक मला अद्याप भेटावयाचा आहे.

परंतु मातीचा प्रश्न निघालाच आहे तर पश्चिमेकडे जाण्याची गरज नाही. नांदेडच्या घाटावरून नदीच्या उलट दिशेने चालत गेले की पुरे. हीच गोदावरी पैठणवरून येते, आणि त्या प्रतिष्ठानच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह आपल्यापर्यंत आला आहे, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठी वाचकांपुढे सविस्तर प्रस्तावनेसह ठेवला. त्या गाथांत रुसवे आहेत, संकेत आहेत, परदेशी गेलेले आणि विसरलेले प्रियकर आहेत, ओसरलेले प्रेम आहे. बोलणारी बहुधा स्त्री आहे, आणि ऐकणारी सखी, सासू किंवा दूती. तेथे कोणीही ‘मला किती दुःख झाले’ याचे व्याख्यान देत नाही. पाणपोईवरची ती प्रसिद्ध गाथा घ्यावी: वाटसरू वर तिच्याकडे पाहत बोटांच्या फटींतून पाणी गळू देतो, आणि पाणी घालणारी मुलगी मुळातच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. प्रेम हा शब्द नाही, मनाचे वर्णन नाही. दोन माणसांच्या हातांनी काय केले तेवढे आहे, आणि त्यात सर्व काही आहे. ती गाथा प्रेमाच्या आरंभाची, रसवंतीतला तो प्रसंग शेवटाचा. पण लिहिण्याची दृष्टी एकच, आणि ती या खोऱ्यात इंग्रजी शिकून आलेली नाही.

आता संपादकांविषयी. लेख परत करताना त्यांनी दोन सुधारणा सुचविल्या होत्या, आणि त्या मान्य केल्यास लेख छापण्याची तयारी दाखविली होती. पहिली अशी की, त्याच्या पत्रांपैकी दोन मूळ स्वरूपात द्यावीत, म्हणजे ‘ओलावा’ येईल. याला बाईंनी नकार दिला तो योग्यच होता, आणि त्याला केवळ सभ्यतेचे नव्हे, कायद्याचेही बळ आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यान्वये पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला, तरी मजकुरावरचा हक्क तो लिहिणाऱ्याचाच राहतो, आणि त्याच्या पश्चातही साठ वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. शिवाय लातूर आणि नांदेड ही काही अशी अफाट शहरे नव्हेत की हस्ताक्षरासारखा मजकूर ओळखला जाणार नाही. त्याचा व्यवसाय, गाव, दिसणे, बोलण्याची लकब हे सर्व बदलता येते आणि बाईंनी ते बदलले आहे. माझ्याही या लेखात ते पुन्हा बदललेले आहे. मात्र ज्यावर घटना उभी आहे ते बदलता येत नाही. साटेलोट्याच्या जागी हुंडा घातला असता तर ओळख अधिक लपली असती, पण मग तो लोभाने वाकला असे झाले असते, आणि झाकण्याच्या निमित्ताने एका माणसावर खोटा आळ आला असता.

दुसरी सुधारणा नेमकी येथेच होती. वेळ अमावास्येचा प्रसंग आणि त्यामागचे ते एक वाक्य काढून टाकावे, लेख पाचच्या गाडीवर संपवावा, कारण साटेलोटे कळले की वाचकाचा राग निवतो आणि दुःखाची धार जाते, असे संपादकांचे म्हणणे. त्यांना माझा प्रश्न असा आहे, की बारा वर्षे ज्या रागावर एक बाई जगली तो राग एका पंगतीत, हातात आंबिलीची वाटी असताना, आधाराविना उभा राहिला, आणि कोणाला काही सांगण्याची सोयही नव्हती, यात दुःख उणे झाले असे त्यांनी कोणत्या मापाने मोजले? राग धरण्यास माणूस उरला नाही, क्षमा करण्याइतकी माहिती नाही, आणि विचारण्यास वाट नाही, अशी ती जागा आहे. ज्येष्ठ समीक्षक म्हणतात की या जागेवरून लिहिता येत नाही; बाईंनी तेथून नऊ पाने लिहिली आहेत. ती नऊ पाने, वेळ अमावास्या आणि ते वाक्य यांसह, जशीच्या तशी छापावयास जो कोणी अंक तयार असेल त्याच्याकडे ती पाठविण्याची जबाबदारी मी घेतली आहे, आणि ज्यांना या लेखनात भावना कमी पडते असे वाटते त्यांनी ती आधी वाचून मग मला उत्तर द्यावे.